छापखान्यातली एकतीस मार्च

अकाउंटिंगच्या पहिल्या वर्षी गोइंग कन्सर्न, मॅचिंग आणि प्रुडन्स ही तीन प्रकरणं वेगवेगळी शिकवतात. प्रत्यक्षात तिन्ही एकाच आकड्यात भेटतात: वर्षअखेरचा शिल्लक माल. छापखान्यात तो मोजायला गेलं की हे फार स्वच्छ दिसतं, कारण तिथला बराचसा माल बाहेर कुणाच्याच उपयोगाचा नसतो. दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका कोण विकत घेणार?

एका छोट्या छापखान्यात एकतीस मार्चला माल मोजत होतो. टेबलावर हजार पत्रिकांचं अर्धवट काम होतं. छपाई झालेली, घड्या आणि सोनेरी अक्षरं बाकी. ऑर्डर ३०,००० रुपयांची. तोवर कागद आणि मजुरी मिळून १४,००० खर्च झाला होता, अजून ६,००० लागणार होते. गठ्ठा रद्दीवाल्याला दिला असता तर पाचसहाशे मिळाले असते. मग वहीत काय लिहायचं?

आपण १४,००० लिहिले. व्यवसाय पुढेही चालणार, एप्रिलमध्ये पत्रिका पूर्ण होऊन गिऱ्हाइकाकडे जाणार, हे गोइंग कन्सर्नमध्ये गृहीत आहे. मालक त्याच आठवड्यात छापखाना बंद करणार असते आणि काम अर्धंच राहणार असतं, तर रद्दीचाच भाव खरा ठरला असता. आपल्याकडच्या पहिल्या लेखा मानकात, म्हणजे एएस-१ मध्ये, हे गृहीतक पाळलं असेल तर वेगळं सांगावं लागत नाही. पाळलं नसेल तर मात्र ते उघड करावं लागतं.

मालक म्हणाले, ‘‘अहो, पैसे तर खर्च झालेत ना? मग टाका की याच वर्षी खर्चात.’’ तसं केलं तर यंदा विक्री शून्य आणि १४,००० तोटा. पुढच्या वर्षी ३०,००० ची विक्री, ६,००० खर्च आणि २४,००० नफा. दोन्ही वर्षांची बेरीज बरोबर १०,०००, पण दोन्ही आकडे खोटे. ज्या वर्षी विक्री, त्याच वर्षी तिचा खर्च, हे मॅचिंग. म्हणून १४,००० शिल्लक मालात थांबतात आणि एप्रिलमध्ये विक्रीबरोबर खर्चात जातात. गिऱ्हाइकाने दिलेला ॲडव्हान्सही तोवर विक्री नसतो. ते देणं असतं.

पोटमाळ्यावर मात्र सगळं उलटं झालं. तिथे जानेवारीपासूनच्या वर्षाची ६०० भिंतीवरची कॅलेंडरं पडून होती. प्रत्येकी २२ रुपये खर्च, म्हणजे १३,२००. मालकांनी तोच आकडा धरला होता. ‘‘अजून नऊ महिने आहेत की वर्षाचे!’’ पण मार्चअखेर कॅलेंडर घ्यायला कोणी येत नाही, आणि फेब्रुवारीनंतर त्यांच्या बिलबुकात कॅलेंडरची एकही विक्री नव्हती. नव्वद किलो कागद, रद्दीचा भाव बारा रुपये, म्हणजे १,०८०. खर्च किंवा विकून हाती पडेल ती निव्वळ रक्कम, यांतली जी कमी ती धरायची, असं एएस-२ सांगतं. उरलेला १२,१२० चा तोटा याच वर्षाचा, रद्दीवाला मे महिन्यात आला तरी. हे प्रुडन्स.

पत्रिका आणि कॅलेंडर, दोन्ही रद्दीच्याच लायकीचा कागद. तरी एकाचा खर्च टिकतो, दुसऱ्याचा बुडतो, कारण पत्रिकांमागे गिऱ्हाईक उभं आहे.

सावधगिरीलाही कुंपण आहे. गोदामातला कोरा कागद ८५ रुपये किलोने घेतलेला, आणि बाजारभाव ७८ वर उतरलेला. विद्यार्थी इथे हमखास ७८ लिहितो. पण त्या कागदावर छापायच्या वह्या त्यांच्या एकूण खर्चाइतक्या किंवा जास्त किमतीला विकल्या जाणार असतील, तर कच्चा माल ८५ वरच राहतो, कारण तो खर्च वसूल होणार आहे. भाव ९२ झाला असता तरी ८५ च. न विकलेल्या कागदावर नफा कसला?

कॅलेंडरांचा हिशोब पटल्यावर मालकांना त्यात करबचतीचा मार्ग दिसला. ‘‘मग जुने लिफाफेही कमी भावाने लिहा.’’ ते लिफाफे महिन्याभरात पूर्ण भावाने संपत होते. एक लाखाचा चांगला माल साठ हजारांवर लिहिला, तर यंदाचा नफा चाळीस हजारांनी दबतो आणि पुढच्या वर्षी तो माल विकला की तेवढाच फुगतो. भाव आणि काम तेच असताना ढोबळ नफ्याचं प्रमाण एका वर्षी पडून दुसऱ्या वर्षी उडी मारतं, तेव्हा ऑडिटर आधी शिल्लक मालाची यादी मागतो. मग प्रत्येक कमी केलेल्या किमतीमागे एप्रिल-मेचं विक्रीबिल किंवा रद्दीची पावती शोधतो. कॅलेंडरांची पावती निघाली असती; लिफाफ्यांची बिलं पूर्ण भावाची निघाली असती. लिफाफे आहे त्या खर्चावरच ठेवले.