वार्षिक कार्यक्रमाचं निमंत्रण लिहिताना

दिवाळी सरली की कथ्थक, भरतनाट्यम आणि गाण्याच्या क्लासमध्ये वार्षिक कार्यक्रमाची लगबग सुरू होते. नाट्यगृहाची तारीख मिळालेली असते, तालमी वाढलेल्या असतात, आणि एके दिवशी पालकांच्या ग्रुपवर निमंत्रण येतं. घुंगरांचा सुंदर फोटो, क्लासचं नाव, तारीख आणि खाली दोन ओळी: 'आमच्या चिमुकल्यांचा कलाविष्कार पाहण्यासाठी सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे. प्रवेश तिकिटाने.' लगेच त्याखाली प्रश्नांची रांग लागते. ताई, मुलीला किती वाजता आणायचं? आजी-आजोबांचंही तिकीट काढायचं का? धाकटा तीन वर्षांचा आहे, त्याला आणलं तर चालेल? माझ्या मुलीचा नाच किती वाजता आहे?

हे प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणूनच त्यांची उत्तरं फोटोखालच्या मजकुरात आधीच देता येतात. हा मजकूर लिहिण्याचं काम बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी एखाद्या पालकावर किंवा मोठ्या विद्यार्थिनीवर येतं, आणि सगळा भर विशेषणांवर जातो. खरं तर त्याची सुरुवात वहीत आकडेमोड करून व्हायला हवी. तिकिटांचा हिशेब पक्का नसेल, तर मजकूर कितीही गोड असला तरी दारावर वाद होतातच.

एक उदाहरण घेऊ. कथ्थकच्या एका क्लासमध्ये ७२ विद्यार्थी आहेत आणि नाट्यगृह ३०० खुर्च्यांचं आहे. पहिल्या दोन गटांत मिळून ४० मुलं आहेत. त्यांचे नाच आधी होतात. नाचून झालं की ही मुलं पोशाखातच प्रेक्षागृहात येतात, आणि नेमकी तेव्हा त्यांना बसायला जागा नसते. मग ती पायऱ्यांवर बसतात, आईला शोधत अंधारात फिरतात, मोठ्या मुलींचा नाच चालू असताना मागे कुजबुज सुरू राहते. म्हणून ४० खुर्च्या आधीच मुलांसाठी काढून ठेवायच्या. साथीदारांच्या घरचे लोक आणि पाहुणे यांच्यासाठी आणखी १०. उरल्या २५०.

प्रत्येक विद्यार्थ्यामागे दोन पास दिले की १४४ खुर्च्या भरतात आणि विकायला १०६ उरतात. इथेच पेच पडतो. प्रत्येक घरातून आजी-आजोबांसाठी आणखी दोन तिकिटं मागितली गेली, तर १४४ तिकिटं लागतील. आहेत १०६. जो ग्रुपवर आधी बोलेल त्याला दोन-चार मिळतील आणि रात्री उशिरा निरोप वाचणाऱ्या, नोकरीवरून दमून आलेल्या पालकाला एकही मिळणार नाही. यावर साधा उपाय म्हणजे विक्रीचे दोन टप्पे. एका ठरावीक तारखेपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्यामागे एकच जादा तिकीट. सगळ्यांनी घेतलं तरी ७२ जातात आणि ३४ शिल्लक राहतात. ती त्यानंतर सर्वांसाठी खुली करायची, मागेल त्याला. हा नियम मजकुरात कारणासकट लिहिला की पालकांना तो पटतो. कारण न सांगता नुसतं 'एकच तिकीट मिळेल' म्हटलं तर तो अडवणुकीसारखा वाटतो.

पैशांबद्दलही असाच स्पष्टपणा हवा. पालकांनी पोशाखाचं भाडं भरलेलं असतं, काहींनी नवे घुंगरू घेतलेले असतात, आणि आता पुन्हा तिकीट. मनात येणारा प्रश्न कुणी उघड विचारत नाही, पण तो असतो. जादा तिकीट १५० रुपयांना ठेवलं तर १०६ तिकिटांचे १५,९०० रुपये जमतात. ही रक्कम तबला, संवादिनी आणि गायनाच्या साथीदारांच्या मानधनासाठी असेल, तर तेवढं एक वाक्य लिहावं. आपल्या मुलीच्या नाचाला त्या संध्याकाळी प्रत्यक्ष तबला वाजणार आहे आणि आपले पैसे त्यासाठी आहेत, हे कळलं की तिकीट काढणारा माणूस समाधानाने काढतो.

आता वेळेची गोष्ट. नाट्यगृह सत्रावर मिळतं. समजा, सत्र दुपारी साडेचारला सुरू होतं. त्यानंतर माइक लावणं, तबला सुरात मिळवणं, प्रकाशयोजना तपासणं आणि लहान मुलांना रंगमंचाच्या रुंदीचा अंदाज देणं, एवढं सगळं तासाभरात व्हायचं असतं. मेकअपच्या खोलीत ७२ मुलांची वेणी घालणं त्या तासात बसत नाही. म्हणून छोट्या गटाने घरूनच तयार होऊन यायचं, हे मजकुरात आलंच पाहिजे. मुलांनी यायची वेळ आणि प्रेक्षकांची वेळ वेगवेगळ्या ओळींत लिहावी. एकाच ओळीत दोन वेळा आल्या की काही मुलं हमखास प्रेक्षकांबरोबर पोहोचतात, आणि तोवर त्यांचा गट रंगमंचामागे रांगेत उभा असतो.

माझ्या मुलीचा नाच कधी, या प्रश्नाला अनेक क्लास मुद्दाम उत्तर देत नाहीत. त्यामागे एक खरी व्यथा आहे. आपल्या मुलाचा नाच झाला की पालक उठून जातात आणि विशारदची तयारी करणाऱ्या, आठ-दहा वर्षं शिकलेल्या मुली अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे नाचतात. पण वेळ लपवून हे थांबत नाही. दूध पिणारं बाळ घरी ठेवून आलेल्या आईला, रात्रपाळीला जाणाऱ्या बाबांना किंवा फार वेळ बसू न शकणाऱ्या आजोबांना ती वेळ कळायलाच हवी. लोकांनी थांबावं असं वाटत असेल, तर पुढे काय पाहायचं आहे हे त्यांना सांगावं.

'बहारदार तीनताल' असं लिहून कथ्थक न शिकलेल्या पालकाला काही कळत नाही. त्याला कान लावायला एक जागा दाखवली की तो ऐकू लागतो. तीनतालात सोळा मात्रा असतात आणि पहिली मात्रा म्हणजे सम. तिहाईत एकच बोल तीनदा येतो आणि तिसऱ्यांदा तो बरोबर समेवर संपतो. पाच मात्रांचा बोल तिसऱ्या मात्रेपासून सुरू केला, तर पहिल्यांदा तो सातव्या मात्रेवर संपतो, दुसऱ्यांदा बाराव्या मात्रेवर, आणि तिसऱ्यांदा सोळा मात्रा पूर्ण होऊन नव्या आवर्तनाच्या समेवर. तबला, घुंगरू आणि लेहरा तिथे एकत्र भेटतात. एवढा हिशेब निमंत्रणात मावत नाही, पण 'तिसऱ्यांदा बोल कुठे संपतो ते ऐका' हे एक वाक्य मावतं. गाण्याच्या क्लाससाठीही हेच करता येतं: बंदिशीचा मुखडा दर वेळी समेवर कसा परत येतो तिकडे लक्ष द्या, असं लिहावं.

हे सगळं एकत्र केलं की मजकूर साधारण असा होतो:

'रविवार, १३ डिसेंबर २०२६, संध्याकाळी ५:३०. आमच्या ७२ विद्यार्थ्यांचा कथ्थकचा वार्षिक कार्यक्रम. (इथे नाट्यगृहाचं नाव आणि जवळची खूण.)

विद्यार्थ्यांनी ४:३० वाजता मागच्या दाराने यावं. छोट्या गटाने वेणी, मेकअप आणि पोशाख घरूनच करून यावं. सोबत पाण्याची बाटली आणि कोरडा खाऊ द्यावा.

छोट्या गटाचा नाच पावणेसहा ते सव्वासहाच्या दरम्यान. नाचून झाल्यावर मुलं आमच्या ताईंबरोबर राखीव रांगेत बसतील. लवकर न्यायचं असेल तर ताईंना आधी नाव सांगून ठेवा. मूल फक्त सांगितलेल्या व्यक्तीकडेच सोपवलं जाईल.

सात वाजल्यापासून मोठ्या मुलींचा तीनताल, तबला, संवादिनी आणि गायनाच्या साथीने. तिहाईत एकच बोल तीनदा येतो. तिसऱ्यांदा तो कुठे संपतो ते ऐका. आपली मुलं काही वर्षांनी हेच नाचणार आहेत. कार्यक्रम आठ वाजता संपेल.

प्रत्येक विद्यार्थ्यामागे दोन पास विनामूल्य. जादा तिकीट १५० रुपये. ही रक्कम साथीदारांच्या मानधनासाठी आहे. सर्वांना संधी मिळावी म्हणून २२ नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक जादा तिकीट. उरलेली तिकिटं २३ नोव्हेंबरपासून सर्वांसाठी खुली. तीन वर्षांखालील मूल मांडीवर बसणार असेल तर तिकीट नको.

पास आणि तिकिटं क्लासच्या वेळेत ताईंकडे मिळतील. ऑनलाइन पैसे भरल्यास विद्यार्थ्याचं नाव लिहा.'

या मजकुराची पहिली ओळ वार, तारीख, वर्ष आणि वेळ यांची आहे. ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअॅपवर मजकूर लांब असला की सुरुवातीचा भागच आधी दिसतो, आणि बरेच जण तेवढंच वाचतात. वर्ष लिहायलाच हवं, कारण जुनी निमंत्रणंही पुढे पाठवली जात राहतात. शिवाय ही माहिती फक्त चित्रावर छापू नये. चित्रातली बारीक अक्षरं आजीला वाचता येत नाहीत, आणि ग्रुपवर 'तिकीट' शब्द शोधणाऱ्या पालकाला चित्रातला शब्द सापडत नाही.

फोटो निवडतानाही पालकांचा विचार करावा. एखाद्या मुलीचा जवळून काढलेला फोटो सार्वजनिक निमंत्रणावर टाकायचा असेल तर तिच्या घरून आधी परवानगी घ्यावी, आणि फोटोबरोबर तिचं पूर्ण नाव किंवा शाळा लिहू नये. गटाचा किंवा नुसत्या पावलांचा फोटो असेल तर एकच मुलगी का निवडली, हा प्रश्नही येत नाही.

मजकूर टाकल्यावरही थोडं काम उरतं. वेळ बदलली तर नवा निरोप टाकताना जुना काढून टाकावा, नाहीतर दोन्ही फिरत राहतात आणि लोक आधी दिसलेला खरा मानतात. शेवटचं तिकीट गेलं की त्याच मजकुराच्या वर 'तिकिटं संपली' असं लिहावं. दोन गाड्या बदलून आलेल्या मावशीला दारावरून परत पाठवावं लागू नये, यासाठी ते दोन शब्द वेळेवर लिहिणं हाही निमंत्रणाचाच भाग आहे.