फोरसेप्स स्पिरिटने पुसून भागत नाही

सकाळी मायक्रोबायोलॉजीची टेस्ट. होस्टेलच्या खोलीत पहिल्या वर्षाची मुलगी तिसऱ्या वर्षाच्या ताईसमोर वही उघडून बसली आहे.

"ताई, स्टरिलायझेशन, डिसइन्फेक्शन, अँटिसेप्सिस, तिन्ही व्याख्या पाठ आहेत. प्रश्न फिरवून आला की गोंधळ होतो."

"वही मिट. ड्रेसिंगची ट्रॉली आठव. ट्रॉलीचा पत्रा, जखमेत जाणारा फोरसेप्स आणि पेशंटची कातडी. कशाला काय करशील?"

"तिन्ही स्पिरिटने पुसेन."

"मग फोरसेप्सचे मार्क गेले. स्पिरिटने बरेच जंतू मरतात, पण धनुर्वाताच्या जंतूचे स्पोअर मरत नाहीत. जाड कवचात ते टिकून राहतात आणि खोल जखमेत, हवा नसलेल्या जागी पोचले की वाढू लागतात. स्पोअरसकट सगळं मेलं, तरच स्टरिलायझेशन. पत्रा जखमेत जात नाही, म्हणून तिथे रोगजंतू कमी झाले की पुरे, ते डिसइन्फेक्शन. तेच स्पिरिट कातडीवर लावलं की अँटिसेप्सिस. जिवंत कातडीला सोसेल तेवढंच तिथे करता येतं."

"फोरसेप्स उकळून घेतला तर?"

"१०० अंशांनाही काही स्पोअर तग धरतात. म्हणून ऑटोक्लेव्ह. आत १५ पौंड दाब असतो, त्यामुळे वाफ १२१ अंशांवर जाते. १५ मिनिटं धरायची, पण मोजायची १२१ झाल्यावर."

"आणि ग्लुटराल्डिहाइड? पुस्तकात ते दोन्हीकडे दिलंय."

"दोन्हीकडे बरोबर आहे. एंडोस्कोपला ऑटोक्लेव्हची उष्णता सहसा सोसत नाही. तो स्वच्छ धुऊन २ टक्के द्रावणात २० मिनिटं बुडवला, तर वरच्या दर्जाचं डिसइन्फेक्शन. स्पोअरही मारायचे तर सुमारे १० तास. आधी रक्त, चिकटा धुतला नाही, तर मात्र औषध आतपर्यंत पोचतच नाही."

परीक्षेत मुली इथेच चुकतात: औषधाचं नाव पाहून उत्तर लिहितात. वस्तू कोणती, वेळ किती आणि स्पोअर मेले का, हे पाहिलं की उत्तर आपोआप सुटतं.

"शेवटचं, ताई. पॅकवरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या, म्हणजे झालं ना स्टरिलायझेशन?"

"नाही. पॅकला उष्णता लागली, एवढंच टेप सांगते. ड्रम ठासून भरला, आत हवा अडकली, तर वाफ मधल्या गॉजपर्यंत जात नाही, आणि टेप तरीही काळी होते."

खरी खात्री स्पोअरच्या चाचणीने होते. उष्णता सोसणाऱ्या एका जिवाणूचे स्पोअर असलेली छोटी कुपी भरलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात आणि नंतर उबवतात. नेहमीच्या वापरातल्या कुपीतलं जांभळं द्रावण पिवळं झालं, तर स्पोअर जिवंत आहेत. मग टेप कितीही काळी असो, तो सगळा लॉट परत ऑटोक्लेव्हला जातो.