औषध लागू पडल्यानंतरचे तीन दिवस

लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये, म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, उपचाराची सुरुवात अनेकदा स्टेरॉइडच्या साध्या गोळ्यांनी होते. कॅन्सरच्या पेशींना हे औषध इतकं लागू पडतं की पहिल्या दिवसापासूनच त्या ढिगाने फुटू लागतात. पेशी मेल्या तरी त्यांच्या पोटातला माल शरीरातच राहतो. तो रक्तात उतरतो आणि बाहेर काढायचं बहुतेक काम मूत्रपिंडांवर येऊन पडतं. ते त्यांना झेपलं नाही तर होतो तो ट्यूमर लायसिस सिंड्रोम. धोका सर्वाधिक असतो तो पहिल्या 12 ते 72 तासांत.

एक कल्पित पण वॉर्डात नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. मुलगा 9 वर्षांचा, वजन 28 किलो. पांढऱ्या पेशींचा काउंट 2 लाखांवर. गोळी सुरू करण्याआधीच त्याचं युरिक ॲसिड 9 आहे, कारण पेशी आपणहूनही फुटत असतात. म्हणून आदल्या दिवसापासूनच सलाईन लावलं जातं, दिवसाला सुमारे 3 लिटर. या वजनाच्या मुलाला एरवी लागतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यात पोटॅशियम मुद्दाम घातलेलं नसतं. लघवी तासाला 100 मिलिलिटरच्या आसपास व्हायला हवी, आणि ती मोजली जाते.

युरिक ॲसिड तयार होतं ते फुटलेल्या पेशींच्या डीएनएतून. ॲलोप्युरिनॉल ते नव्याने तयार होऊ देत नाही, पण आधी साचलेल्याला हात लावत नाही. रॅसब्युरिकेज हे इंजेक्शन मात्र साचलेल्याचंच सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करतं. ते महाग आहे, आणि जी6पीडी या एन्झाइमची जन्मजात उणीव असलेल्यांना देता येत नाही, कारण त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या मुलाला ते चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी युरिक ॲसिड 1 च्या खाली दिसतं. अर्थात नमुना बर्फात ठेवून नेला असेल तरच हा आकडा खरा, नाहीतर औषध नळीतही काम करत राहतं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो.

पोटॅशियम 4.4 वरून 5.8 वर गेलेलं असतं. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, त्यामुळे त्यातलं थोडं बाहेर आलं तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून ईसीजीवर लक्ष असतं. इथे नातेवाइकांचं प्रेम आडवं येतं: पोराला ताकद यावी म्हणून शहाळं आणि मोसंबीचा रस येतो. दोन्हींत भरपूर पोटॅशियम असतं, म्हणून नर्सबाई ते परत पाठवतात. रागावू नये.

खरी कसोटी लागते ती फॉस्फेटवर. ल्युकेमियाच्या पेशींत निरोगी लिम्फोसाइटच्या चौपटीपर्यंत फॉस्फेट असतं, आणि त्याच्यावर रॅसब्युरिकेजसारखं झटपट औषध नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाचं फॉस्फेट 9.8 आणि कॅल्शियम 6.9 येतं. कॅल्शियम किमान 8.5 तरी हवं, म्हणजे ते चांगलंच उतरलंय. रिपोर्ट पाहणाऱ्याचा हात साहजिकच कॅल्शियमच्या इंजेक्शनकडे जातो.

नेमकं तेच टाळायचं असतं. हे कॅल्शियम कमी खाल्ल्यामुळे घटलेलं नाही, वाढलेल्या फॉस्फेटने त्याला धरून ठेवलंय. दोघांचे मिळून खडे होतात आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकतात. दोन्ही आकड्यांचा गुणाकार 60 च्या पुढे गेला की ही भीती वाढते. इथे तो 67 च्या वर आहे. अशा वेळी वरून कॅल्शियम देणं म्हणजे खड्यांना आणखी माल पुरवणं. मग लघवी घटते, आणि लघवी घटली की पोटॅशियमही बाहेर पडत नाही. लघवी अल्कधर्मी करण्यासाठी पूर्वी सोडा देत. तेही आता सहसा करत नाहीत, कारण त्याने युरिक ॲसिड विरघळलं तरी कॅल्शियम-फॉस्फेटचे खडे वाढतात.

हातपाय वाकडे होऊ लागले, आकडी आली किंवा ईसीजी बिघडला, तर मात्र कॅल्शियम हळूहळू द्यावंच लागतं. अशी लक्षणं नसतील तर फक्त दर 4 ते 6 तासांनी रक्त तपासत राहायचं. लघवी थांबली किंवा पोटॅशियम आटोक्यात येईना, तर डायलिसिसला उशीर करायचा नाही.

आपल्या मुलाला बोटांत मुंग्यासुद्धा आल्या नाहीत. लघवी चालू राहिली, तिसऱ्या दिवशी फॉस्फेट 7 वर आलं, पाचव्या दिवशी 5.4 वर. कॅल्शियम कुणी दिलं नव्हतं, तरी तेही 8.8 पर्यंत चढलं. मग सलाईनचा वेग निम्म्यावर आणला गेला.