लोखंडी कढई आणि टोमॅटोचा रस्सा

टोमॅटोची ग्रेव्ही लोखंडी कढईत अर्धा तास रटरटली की जिभेवर धातूची चव रेंगाळते. टोमॅटोतलं आम्ल कढईत मुरलेला तेलाचा थर सोडवतं आणि उघडं पडलेलं लोखंड थोडंथोडं रसात विरघळतं. बहुतेकांना ते अपायकारक नसतं, पण रस्सा काळवंडतो आणि धुतलेल्या कढईवर राखाडी चट्टे दिसतात. मी कांदा-खोबरं लोखंडातच खरपूस परतते, टोमॅटो मात्र स्टीलच्या पातेल्यात शिजवते. भेंडीवर शेवटी पिळलेलं लिंबू लोखंडात चालतं. भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. चिंचेची आमटी, आमसुलाचं सार तासभर उकळणारच, तेव्हा स्टील किंवा कल्हईचं पितळ हवं. कल्हई उडून आत पिवळं दिसू लागलं, तर आधी कल्हईवाला गाठा.