छप्पन्न अंश, दुपारची नोंद

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान नोंदवलं ५६ अंश सेल्सिअस. दुसऱ्या केंद्राने ५४. त्याच दिवशी शहराच्या आसपासच्या उरलेल्या दोन केंद्रांवर पारा ४४च्या घरात होता. आकडे मोबाइलवरून फिरायला लागले आणि ज्याने त्याने आपल्या गच्चीवरच्या चटक्याचा दाखला द्यायला सुरुवात केली. हवामान विभागाने लगेच खुलासा केला, की सेन्सर बिघडला आहे आणि ३८ अंशांच्या पुढे तो बरोबर आकडा देत नाही.

कुणालाही वाटेल, की एवढा अचाट आकडा संगणकाने आधीच अडवायला हवा होता. मर्यादा घालून द्यायची आणि तिच्याबाहेर काही आलं की खूण करायची, एवढंच तर काम. पण मर्यादा कुठली? जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शिकेत हवेच्या तापमानाची ढोबळ मर्यादा उणे ८० ते अधिक ६० अंश अशी आहे. ती अंटार्क्टिकापासून सहारापर्यंत सगळ्यांना पुरावी म्हणून एवढी ऐसपैस. सुटलेली तार किंवा जळालेलं सर्किट ती पकडते. नागपूरचे ५६ मात्र तिच्यातून बिनबोभाट निघून जातात.

म्हणून मर्यादा त्या गावाची आणि त्या महिन्याची लागते. नागपूरचा पारा २०१३च्या मे महिन्यात ४७.९ पर्यंत गेला होता. तेव्हा मे महिन्यासाठी वरची हद्द ४९ ठेवली तर ५६ आणि ५४ दोन्ही अडकतात. हद्द अगदी जुन्या विक्रमावर ठेवायची नाही, कारण विक्रम मोडतात, आणि नेमका तो दिवस संशयित ठरवून बाजूला पडावा असं कुणालाच नको असतं.

हद्दीचा नियम मात्र एकेका आकड्याकडे सुटं सुटं बघतो. पहाटे पाच वाजता ४२ अंश आले तरी त्याला काही वावगं दिसत नाही, कारण ४२ हा मे महिन्यातला रास्त आकडा आहे. इथे दुसरा नियम कामाला येतो. हवा तापायला आणि निवायला वेळ घेते, त्यामुळे आधीच्या नोंदीपासून किती वेळात किती फरक पडला हे पाहायचं. दर मिनिटाला नोंद घेणाऱ्या केंद्रांवर लागोपाठच्या दोन नोंदींत तीन अंशांहून जास्त फरक दिसला तर तो आकडा संशयित धरतात.

समजा, एक केंद्र दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतं. हद्द १८ ते ४९ अंश आणि पंधरा मिनिटांत जास्तीत जास्त पाच अंशांचा फरक चालेल, असं ठरवलं आहे. दुपारच्या नोंदी अशा आल्या: एक वाजता ४३.८, सव्वाला ४४.१, दीडला ५२.६, पावणेदोनला ४४.३. साधासुधा प्रोग्रॅम पुढची यादी देईल:

```
13:30  52.6  range, rate
13:45  44.3  rate
```

पहिली ओळ बरोबर आहे. दीडच्या आकड्याने हद्दही ओलांडली आणि वेगही. दुसरी ओळ मात्र निरपराध आहे. पावणेदोनचा ४४.३ अगदी ठीक असूनही त्याची तुलना झाली ती शेजारच्या खोट्या ५२.६ शी, म्हणून त्याच्यावर बालंट आलं. हे काम नव्याने करणारे बहुतेक जण इथेच अडखळतात. दर बिघाडामागे खुणा दोन पडतात आणि महिनाअखेरीस यादी निम्मी खोटी निघते.

उपाय असा, की तुलना आधीच्या नोंदीशी न करता शेवटच्या *विश्वासू* नोंदीशी करायची. पावणेदोनचा आकडा सव्वाच्या ४४.१ शी ताडला की फरक उरतो ०.२ चा. मग यादीत एकच ओळ राहते. पण एवढ्याने भागत नाही. शेवटची विश्वासू नोंद जुनी होत जाते, आणि अर्ध्या तासात पाच अंश बदलणं हे पंधरा मिनिटांत पाच अंश बदलण्याइतकं संशयास्पद नसतं. म्हणून मधल्या मिनिटांच्या हिशेबाने मुभाही वाढवायला हवी, म्हणजे पंधरा मिनिटांना पाच, तीसला दहा, पंचेचाळीसला पंधरा.

वळवाच्या पावसात या मुभेचा खरा कस लागतो. दुपारी चारला ४१.२ अंश, मग आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि सव्वाचारला पारा ३२.० वर. साडेचारला २७.८, पावणेपाचला २७.१. सव्वाचारची नोंद वेगाच्या नियमात अडकणारच, कारण नऊ अंशांहून जास्त घसरण झाली. साडेचारचीही अडकते, कारण मुभा दहाची आणि फरक १३.४ चा. पावणेपाचला मात्र मुभा पंधरा होते, फरक १४.१ असतो, आणि नोंद सुटते. मुभा वाढती नसती तर प्रोग्रॅम चारच्या ४१.२ लाच धरून बसला असता आणि रात्रभराची प्रत्येक खरी नोंद त्याने खोटी ठरवली असती.

सव्वाचार आणि साडेचार या दोन्ही खुणा खऱ्या हवामानावर पडल्या, तरी त्यात चूक काही नाही. खूण म्हणजे निकाल नव्हे, म्हणून मूळ आकडा पुसायचा नसतो. वेळ, आकडा आणि कोणता नियम मोडला एवढं लिहून ठेवलं, की माणूस त्याच वेळची आर्द्रता आणि वारा काढून बघतो. सव्वाचारला आर्द्रता उसळलेली आणि वाऱ्याचा झोत आलेला दिसला की वळीव ओळखता येतो. तापमान एकटंच उडालं आणि बाकी सगळं जागच्या जागी असलं, तर तारेकडे बघायचं. अर्थात त्यासाठी घड्याळं जुळायला हवीत. एका केंद्राच्या नोंदी जागतिक वेळेत आणि दुसऱ्याच्या भारतीय वेळेत असतील, तर साडेपाच तासांच्या फरकाने वळीव एकीकडे आणि वारा भलतीकडेच सापडतो.

दोन्ही नियम ज्याच्यापुढे हतबल ठरतात तो बिघाड अगदी साधा असतो. नागपूरच्या आदल्या दिवशी, २९ मेला, दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश नोंदले गेले. दिल्ली परिसरातल्या इतर केंद्रांवर त्या दिवशी कमाल तापमान ४५.२ ते ४९.१ च्या दरम्यान होतं. नंतरच्या तपासणीत आढळलं, की हा सेन्सर प्रमाणित उपकरणापेक्षा तीन अंश जास्त दाखवत होता.

तीन अंश म्हणजे किती? तापमान मोजायला अनेक ठिकाणी प्लॅटिनमचा सेन्सर वापरतात. शून्य अंशाला त्याचा विद्युतरोध १०० ओहम असतो आणि दर अंशाला साधारण ०.३९ ओहमने वाढतो. जोडणीच्या तारांचा रोध वगळण्याची सोय नसेल, तर एखाद्या गंजलेल्या जोडात सव्वा ओहमच्या आतबाहेर रोध वाढला तरी तीन अंशांचा घोळ होतो. असा सेन्सर सकाळी तीन अंश जास्त, दुपारी तीन अंश जास्त आणि रात्रीही तीन अंश जास्त दाखवतो. नोंदींमधला फरक बरोबर राहतो, म्हणून वेगाचा नियम गप्प बसतो. चाळीस अंशांच्या दिवशी तो ४३ सांगतो, आणि त्यावर हद्दीचा नियमही काही बोलत नाही. मे महिन्याच्या अखेरीस उष्णतेची लाट आली नसती, तर ते तीन अंश कितीतरी दिवस कुणाच्या नजरेत भरले नसते.

असा दोष पकडायला शेजारची केंद्रं लागतात. एका केंद्राचा आकडा आसपासच्या चार-पाच केंद्रांच्या मधल्या आकड्याशी रोज ताडायचा. फरक आठवडाभर एकाच बाजूला दिसला, तर प्रमाणित तापमापक घेऊन माणसाने तिथे जायचं. दोष नक्की झाल्यावरही एक किचकट काम उरतं. दोष कधी शिरला याची खूण कुठल्याच यादीत नसते. मग सेन्सरची शेवटची तपासणी झाली त्या तारखेपर्यंत मागे जाऊन, मधली प्रत्येक दुपार पुन्हा शेजाऱ्यांशी जुळवत यावं लागतं.