विमान किती वेळात पोहोचेल?

समजा, हिवाळ्याचे दिवस आहेत आणि तुमचे नाना उमऱ्यासाठी मुंबईहून जेद्दाला निघाले आहेत. त्यांच्या तिकिटावर लिहिले आहे : सुटण्याची वेळ सकाळी १०.००, पोहोचण्याची वेळ दुपारी १२.४०. धाकटा भाऊ म्हणतो, "नाना पावणेतीन तासांच्या आतच पोहोचणार!" त्याचे म्हणणे खरे आहे का? चला, आपण हिशेब करून पाहू.

मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. मोठे प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर गेले, की ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने उडत राहते. अंतराला वेगाने भागले, की वेळ मिळतो. ३,५०० ला ८५० ने भागल्यास उत्तर येते सुमारे ४.१२ तास. येथे एक चूक हमखास होते. ४.१२ तास म्हणजे ४ तास १२ मिनिटे नव्हेत. ०.१२ ला ६० ने गुणले, की सुमारे ७ मिनिटे होतात. म्हणून उत्तर आहे ४ तास ७ मिनिटे.

परंतु विमान सुरुवातीपासून एवढ्या वेगाने जात नाही. ते धावपट्टीपर्यंत हळूहळू जाते, मग वर चढते आणि शेवटी वेग कमी करत खाली उतरते. यासाठी अंदाजाने अर्धा तास जास्त धरावा.

आता वाऱ्याचा विचार करू. नदीतील होडी पाण्यावर चालते; पण पाणी स्वतःही वाहत असते. प्रवाहाबरोबर जाणारी होडी काठावरून वेगवान दिसते, प्रवाहाविरुद्ध जाणारी मंद दिसते. विमानाचेही तसेच आहे. ताशी ८५० किलोमीटर हा त्याचा हवेतील वेग आहे. हवाच वाहत असेल, तर जमिनीवरून मोजलेला वेग बदलतो.

हिवाळ्यात अरबी समुद्रावर खूप उंचीवर बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात. जेद्दा पश्चिमेला आहे. म्हणून जाताना वारा समोरून येतो. त्याचा वेग ताशी १०० किलोमीटर धरू. विमानाचा जमिनीवरील वेग उरला ७५०. आता ३,५०० भागिले ७५० म्हणजे ४ तास ४० मिनिटे. त्यात अर्धा तास मिळवा. नानांचा प्रवास झाला ५ तास १० मिनिटांचा!

मग तिकिटावरची वेळ चुकीची आहे का? नाही. पोहोचण्याची वेळ जेद्दाच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली असते. ते घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तेथे १२.४० वाजतात, तेव्हा आपल्याकडे दुपारचे ३.१० वाजलेले असतात.

परत येताना तोच वारा पाठीमागून येतो. वेग होतो ९५०, आणि वेळ लागतो ३ तास ४१ मिनिटे. अधिक अर्धा तास.

येथे एक गंमत पाहा. वारा नसता, तर दोन्ही वेळा ४ तास ७ मिनिटे लागली असती. जाताना ३३ मिनिटे वाया गेली. येताना मात्र २६ मिनिटेच वाचली. वारा तोच, मग हिशेब बरोबरीत का सुटला नाही? कारण समोरून वारा असताना विमान हळू जाते आणि त्या वाऱ्यात जास्त वेळ राहते. पाठीमागून वारा असताना ते लवकर पोहोचते, त्यामुळे वाऱ्याची मदत थोडाच वेळ मिळते.

म्हणूनच नुसते अंतर पाहून विमानात इंधन भरत नाहीत. उड्डाणापूर्वी वरच्या वाऱ्यांचा अंदाज मिळवतात. समोरून जोराचा वारा असेल, तर जास्त इंधन घ्यावे लागते. वारा तिरका असेल, तर त्याचा काही भागच विमानाला अडवतो किंवा ढकलतो.

वाऱ्याचे बळ केवढे असते, हे फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले. न्यूयॉर्कहून निघालेले एक प्रवासी विमान वादळी वाऱ्याच्या मदतीने ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. हे अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आहे. म्हणजे सरासरी वेग ताशी १,१०० किलोमीटरहून अधिक झाला! विमान हवेत नेहमीच्याच वेगाने उडत होते. वाढीव वेग वाऱ्याने दिला होता.

स्वाध्याय

१. ४.१२ तास म्हणजे ४ तास १२ मिनिटे का नव्हेत?
२. नानांच्या तिकिटावरची वेळ पाहून धाकट्या भावाची कोणती चूक झाली?
३. मुंबई ते लंडन अंतर ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९०० आणि पश्चिमेकडून येणारा वारा ताशी १०० किलोमीटर धरा. जाताना व येताना किती वेळ लागेल? चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायला विसरू नका.