पुढच्या टप्प्याचा तपशील केव्हा ठरवावा? : वाशिमच्या शिवारातील जलताळेबंद

दीर्घ मुदतीच्या प्रकल्पात पहिल्या वर्षाची कामे बारकाईने आखता येतात, परंतु चौथ्या-पाचव्या वर्षाची कामे ज्या माहितीवर ठरायची ती माहिती आरंभी हाती नसते. अशा प्रकल्पांसाठी नियोजनशास्त्रात 'रोलिंग वेव्ह प्लॅनिंग' ही पद्धत सांगितली आहे. तिच्यात नजीकच्या काळातील कामे तारीख, खर्च आणि जबाबदारी यांसह नोंदवली जातात. दूरच्या टप्प्यासाठी उद्दिष्ट, ढोबळ तरतूद आणि कालमर्यादा एवढेच लिहिले जाते. आणि काम पुढे सरकेल तसतसा या ढोबळ भागाचा तपशील ठरवला जातो.

विदर्भाचा काही भाग, मराठवाडा आणि जळगाव मिळून पंधरा जिल्ह्यांत राबवलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे बोलीतला 'पोकरा', हे या विचाराशी जुळणारे उदाहरण आहे. त्यासाठी जागतिक बँकेने फेब्रुवारी 2018 मध्ये 42 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि वाशिम जिल्ह्याचाही त्यात समावेश होता. सुमारे पाच हजार गावांचे आराखडे मुंबईत बसून एकदम तयार करणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. म्हणून गावे टप्प्याटप्प्याने घेऊन प्रत्येक गावात शिवारफेरी, ग्राम कृषी संजीवनी समिती आणि जलताळेबंद यांच्या आधारे सूक्ष्म नियोजन करण्याचे ठरले. जलताळेबंद म्हणजे गावाच्या शिवारात पडणारे पाणी, त्यातून वाहून जाणारे, मुरणारे आणि पिकांना लागणारे पाणी यांचा हिशेब. त्याची गणनपद्धती मुंबईच्या आयआयटीने विकसित केली.

पुढचा तपशील लवकर ठरवण्यात धोका कोणता, हे याच हिशेबातून दिसते. समजा, एका गावाचे क्षेत्र 1000 हेक्टर आहे आणि तेथे सरासरी 800 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे वर्षाला 80 लाख घनमीटर पाणी शिवारावर पडते. त्यापैकी 20 टक्के वाहून जाते असे धरले, तर अपधाव, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणारे पाणी, 16 लाख घनमीटर होतो. त्यातील निम्मे खालच्या गावांसाठी सोडायचे ठरले, तर 8 लाख अडवता येईल. जुन्या बंधाऱ्यांत व तलावात 4 लाख आधीच अडत असेल, तर नव्या कामांसाठी 4 लाख उरते. परंतु अपधावाचे प्रमाण मातीनुसार बदलते: सखल भागातील भारी काळ्या मातीत पाणी हळू मुरते, तर माथ्यावरील मुरमाड जमिनीत ते लवकर उतरते. प्रत्यक्ष प्रमाण 15 टक्के निघाले तर अपधाव 12 लाख होतो आणि त्याच हिशेबाने नव्या कामांना फक्त 2 लाख घनमीटर उरते. 25 टक्के निघाले तर 6 लाख. गृहीतकात दोन्ही बाजूंना पाच-पाच टक्क्यांचा फरक, पण कामांची गरज 2 लाखांपासून 6 लाखांपर्यंत, म्हणजे तिपटीपर्यंत हलते. पहिल्याच दिवशी 6 लाख घनमीटरची कामे मंजूर केली आणि प्रमाण कमी निघाले, तर पाण्याविना कोरडे राहणारे बंधारे बांधले जातील.

म्हणून पहिल्या लाटेत 2 लाख घनमीटरएवढीच कामे घ्यावीत, कारण अत्यंत कमी अंदाजातही ती वाया जात नाहीत. आणि ती माथ्याकडून पायथ्याकडे या क्रमाने घ्यावीत. समतल चर, बांधबंदिस्ती आणि वरच्या ओहोळांवरील छोटे बंधारे यांचे मोजमाप, गट क्रमांक आणि अंदाजपत्रक या टप्प्यात पूर्ण असले पाहिजे. खालच्या नाल्यावरील सिमेंट नाला बांध मात्र केवळ ढोबळ तरतूद म्हणून ठेवावेत, कारण वर पाणी अडल्यावर खाली किती येईल हे एका पावसाळ्याशिवाय समजत नाही.

पुनर्नियोजनाची वेळ आधीच ठरलेली असणे, हा या पद्धतीचा कणा आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. त्यांपैकी ऑक्टोबरचे मोजमाप सर्वांत उपयोगी, कारण पावसाळा संपलेला असतो, सोयाबीनची काढणी उरकत येते आणि उन्हाळ्यातील मातीकामांना अवधी असतो. त्या वेळी विहिरी, बंधाऱ्यांत साठलेले पाणी आणि बसलेला गाळ पाहून दुसऱ्या लाटेतील कामे गट क्रमांकासह निश्चित करता येतात; त्यापूर्वी निविदा काढू नये.

या पद्धतीचा सर्वाधिक गैरवापर पैशाच्या बाबतीत होतो. पहिल्या लाटेचा खर्च वाढला की पुढच्या ढोबळ तरतुदीतून रक्कम काढून ती तूट झाकली जाते, आणि ही रक्कम अद्याप कोणत्याही कामाच्या नावावर नसल्यामुळे ओरड होत नाही. हे ओळखण्यासाठी प्रत्येक पुनर्नियोजनात दोन प्रश्न विचारावे लागतात : पुढच्या टप्प्याची तरतूद कमी झाली असल्यास त्याच्या उद्दिष्टात तेवढीच घट नोंदली आहे काय, आणि नोंदली नसल्यास ती रक्कम कोठे गेली? याच्या उलट, लागोपाठच्या दोन पुनर्नियोजनांत पुढच्या आकड्यांत काहीच बदल झाला नसेल, तर मोजमाप न पाहता जुना तक्ता पुन्हा लिहिला गेला, असा संशय घ्यावा.

प्रत्येक निर्णय मात्र पुढे ढकलता येत नाही. खालच्या गावांचा पाण्याचा वाटा, साठवण तलावाच्या जागेची मालकी व संमती आणि मोठ्या बांधाच्या सांडव्याची क्षमता या गोष्टी आरंभीच ठरवाव्या लागतात. कारण जमीन एकदा पाण्याखाली गेली किंवा सांडवा अपुरा पडून बांध फुटला, तर ऑक्टोबरमध्ये आराखडा सुधारून ते नुकसान भरून येत नाही.